मामा झाडतायत तोवर

"सर, हे पाठ होतंय, पण बोलता येईना."

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. स्नेहसंमेलन पंधरा दिवसांवर आलं होतं आणि आमची निवेदिका, नववीतली मुलगी, वही छातीशी धरून स्टाफरूमच्या दारात उभी होती. मी मराठी शिकवतो. मराठी शिकवणाऱ्याच्या गळ्यात फलकलेखन, निरोप समारंभाची कविता आणि संमेलनाचं निवेदन ही तीन कामं आपोआप पडतात. सूत्रसंचालनाची माझी एक फाईल आहे. दरवर्षी पाहुण्यांची नावं आणि कार्यक्रमांचा क्रम बदलायचा, दोन चारोळ्या नव्या घालायच्या आणि झेरॉक्स काढून मुलांच्या हातात द्यायची. सात वर्षं असंच चाललं होतं आणि कुणी तक्रार केली नव्हती.

मी तिला तिथंच उभं करून वाचायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. संध्याकाळी घरी जेवताना ते ऐकलं. बायको म्हणाली, "बातम्या लावल्यात का?"

ज्या वाक्याला ती हे म्हणाली ते असं होतं: "विविधतेने नटलेल्या आपल्या देशात अनेक लोककला अस्तित्वात असून त्यांपैकीच एक असलेल्या बतुकम्मा या लोकनृत्याचे नयनरम्य सादरीकरण घेऊन येत आहेत इयत्ता सातवीच्या विद्यार्थिनी." लिहिताना मला त्यात काही खटकलं नव्हतं. ऐकताना मात्र एकेक गोष्ट टोचायला लागली. 'असून' आणि 'असलेल्या' यांच्यावरून उड्या मारत ती धापा टाकत शेवटाला पोचत होती, आणि खरं क्रियापद तिथं तिची वाट बघत बसलेलं. तोवर मान वर काढायची सोय नाही, कारण एक शब्द हुकला तर अख्खं वाक्य कोसळणार. वाचणाऱ्याची मान कागदात अडकते ती घाबरल्यामुळे, असं मला वाटायचं. इथं तर माझ्या वाक्याच्या लांबीनंच ती अडकवून ठेवली होती.

दुसरी गोष्ट लेखनाची. मी 'नृत्याचे', 'केले', 'मुले' असं लिहितो, कारण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आम्ही तेच मागतो. पण आपण बोलतो 'नृत्याचं', 'केलं', 'मुलं'. कागदावर 'केले' दिसलं की मूल 'केले' म्हणतं आणि त्या एका मात्रेनं सबंध सूर पुस्तकी होतो. या मुलीच्या घरी तेलुगू बोलतात. तिचं मराठी शाळेतलं आणि गल्लीतलं, म्हणजे अस्सल सोलापुरी. स्टाफरूमच्या दारात माझ्याशी बोलताना ती छान बोलली होती. तिच्या तोंडात माझा कागद गेला आणि ते सगळं बोलणं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी निवेदन बोलभाषेत लिहून काढलं. अनुस्वार दिले, वाक्यं तोडली. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण आता उत्स्फूर्त वाटायचं म्हणून मी त्यात 'अरे व्वा!' घातलं, एका ठिकाणी 'अरे हो, एक सांगायचं राहिलंच' असं लिहिलं, आणि तिच्या जोडीच्या निवेदकासाठी, तोही नववीतलाच, संवाद रचले. तो विचारणार, "काय गं, पुढं काय आहे?" ती म्हणणार, "ओळख बघू!" तो म्हणणार, "काहीतरी रंगीबेरंगी?" टीव्हीवरच्या कार्यक्रमांत असंच असतं, असं मी स्वतःला सांगितलं.

रंगीत तालमीत याचं हसं झालं. बतुकम्मा म्हणजे फुलांचे थर गोल रचून केलेला मनोरा. आपल्याकडे सोलापूरच्या पूर्वभागात नवरात्रात तेलुगू लोक घरोघरी रचतात, भोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी पाण्यात सोडतात. नवरात्रासारखी फुलं डिसेंबरात कुठून मिळणार, म्हणून झेंडू आणि शेवंतीवर भागवलं होतं. तालमीत एका मुलीचा घागरा मनोऱ्याला लागला आणि वरचे दोन थर घरंगळत स्टेजच्या कडेपर्यंत आले. पोरी कशाबशा फेर पूर्ण करून आत गेल्या. तेवढ्यात आमची निवेदिका पुढं आली आणि कागदाबरहुकूम म्हणाली, "अरे व्वा! काय ते देखणं सादरीकरण!" समोर बसलेली आठवीची पोरं जमिनीवर लोळायची बाकी राहिली. ती मुलगी खाली उतरली तेव्हा रडवेली झाली होती. "सर, मला दिसलं होतं की फुलं पडली. पण कागदावर व्वा होतं."

मी तिथंच पायरीवर बसलो. जे अजून घडलेलंच नाही त्याचं कौतुक मी आठ दिवस आधी लिहून ठेवलं होतं. 'अरे हो, राहिलंच' याचीही तीच गत. पाचव्या तालमीत ती बरोबर त्याच शब्दावर, त्याच हाताच्या हालचालीसकट 'विसरत' होती. संवादांत तर दोघंही एकमेकांना असे प्रश्न विचारत होते ज्यांची उत्तरं दोघांच्याही कागदावर होती. पुढच्या रांगेतल्या चौथीच्या पोरांनासुद्धा ते कळत होतं. आश्चर्य, विसरणं, अडखळणं आणि कौतुक या चार गोष्टी लिहून द्यायच्या नाहीत एवढं त्या पायरीवर ठरलं. पण मग लिहायचं काय?

याचं उत्तर मला मामांच्या झाडूनं दिलं. सांडलेली फुलं गोळा करायला शिपाईमामा स्टेजवर आले. पुढची नाटिका होती आठवीची, १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर. तिच्यासाठी स्टेज मोकळं हवं, दोन खुर्च्या आणि झेंड्याची काठी लावायला हवी. मामा निवांत झाडत होते आणि निवेदिका देशभक्तीची चारोळी म्हणत होती. मी बघितलं तर एकूण एक पोरं झाडूकडे बघत होती. मीही झाडूकडेच बघत होतो. डोळ्यांसमोर जे चाललंय त्याचं नावही न घेता माणूस भलतंच बोलत राहिला की ते आधी लिहिलेलं आहे हे लगेच उघडं पडतं. आणि जे दिसतंय त्याबद्दल अर्धं वाक्य जरी बोललं, तरी पुढची चार वाक्यं पाठ केलेली असली तरी चालतात.

त्या दिवशी मी घड्याळ घेऊन बसलो. प्रत्येक कार्यक्रमाची शेवटची पोझ ते पुढच्याचं स्टेज तयार होणं, एवढा वेळ मोजला. एकट्या गाण्याला माईकची उंची बदलायला वीस सेकंद पुरत होते. लेझीमला पन्नास सेकंद, कारण पोरं दोन्ही बाजूंनी येतात. बतुकम्मा ते नाटिका मात्र झाडणं धरून एक मिनिट पन्नास सेकंद. माझ्या जुन्या फाईलीत प्रत्येक दुवा साधारण सात-आठ ओळींचा, सगळीकडे सारखा. म्हणजे गाण्याच्या वेळी गायिका माईकसमोर ताटकळत उभी आणि हिचं चालूच, तर नाटिकेच्या आधी हिचं संपलेलं आणि स्टेजवर मामा. त्या रिकाम्या वेळात 'जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या' येतं. आमच्याकडे ते एका संध्याकाळी किती वेळा येतं हे मी मोजायचं धाडस केलं नाही.

मग वही बंद केली आणि कार्डं केली. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे पोस्टकार्डाएवढे कापले, कोपऱ्यात भोक पाडून क्रमानं सुतळीत ओवले. सुटी कार्डं हातातून पडली तर काय होतं हे मी एकदा अनुभवलं आहे. एका कार्डावर एकच दुवा. वरची ओळ कोरी. तिथं फक्त 'आत्ता' एवढा शब्द आणि पुढं रेघ. कार्यक्रम चालू असताना विंगेतून बघत तिनं पेन्सिलीनं दोन-तीन शब्द तिथं लिहायचे: काय दिसलं, कोण हसलं, काय पडलं. मधे एकच खरी गोष्ट, वाक्यात न लिहिता नुसत्या शब्दांत. आणि तळाला शेवटचं वाक्य पूर्ण, अक्षरन् अक्षर पाठ: इयत्ता, प्रकार, आणि सगळ्यात शेवटी कार्यक्रमाचं नाव. नाव शेवटीच का? ते उच्चारलं की पालकांच्या माना स्टेजकडे वळतात, मोबाईल वर होतात, आणि त्यानंतर कितीही मौलिक बोललं तरी वाया जातं. जुन्या निवेदनात मी नाव आधी सांगून मग त्या नृत्याचं महत्त्व सांगत असे. ते सात वर्षांत कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

कार्डाच्या पाठीवर सेकंद लिहिले. ती मोकळी बोलते तेव्हा मिनिटाला एकशे दहा शब्दांच्या आसपास जाते, वाचताना एकशे चाळीसच्या वर. त्यामुळे वीस सेकंदांच्या जागी कोरी ओळ आणि शेवटचं वाक्य एवढंच बसतं, मधलं काही नकोच. उलट एक मिनिट पन्नास सेकंद भरायला दोनशे शब्द लागतील, आणि एवढं ऐकून घ्यायला समोर कुणी तयार नसतं. शिवाय मामा त्या दिवशी झटपट झाडून मोकळे झाले तर? माझ्या जुन्या दुव्यांत अर्थ शेवटच्या ओळीपर्यंत लोंबकळत असायचा. मधेच तोडला तर ठिगळ दिसायचं. म्हणून लांब दुव्यात अशी वाक्यं हवीत की कुठल्याही वाक्यानंतर सरळ तळाच्या ओळीवर उडी मारता यावी. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बतुकम्मा ते मार्शल लॉ या एका कार्डाला दोन संध्याकाळी गेल्या.

अडचण फक्त वेळेची नव्हती. फुलांच्या फेरावरून मार्शल लॉमधल्या चार हुतात्म्यांच्या फाशीवर यायचं होतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'फुलं जशी देवाला वाहतात तसे काही जण प्राण वाहतात' असं वाक्य होतं. लिहिलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. तिला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, नुसती चप्पल घासत उभी राहिली. मी ते खोडलं. मग तिलाच विचारलं, तुझ्या घरी बतुकम्मा कोण रचतं? "आजी. आम्हाला शिवू पण देत नाही." आणि त्या चौघांचे पुतळे आहेत त्या चार पुतळ्यावरनं येतेस ना शाळेला? "रोजच की." नावं येतात चौघांची? ती थांबली. तिला दोन आली. मला चारही आली, पण थोडा वेळ लागला, हे इथं कबूल करतो.

तिथं दुवा सापडला. फुलांची आणि फाशीची सांगड घालायची गरजच नव्हती. झाडणं होईपर्यंत आजीचं बोलायचं, मग थांबायचं, मग लोकांना प्रश्न विचारायचा. खरा प्रश्न, ज्याचं उत्तर तिच्या हातात नाही तर समोरच्यांकडे आहे. कार्डावर 'आजी – शिवू देत नाही', 'चार पुतळा – नावं?' एवढंच. खाली चार नावं मात्र पूर्ण, मोठ्या अक्षरांत, आणि तारीख. प्रश्न विचारून गप्प बसणाऱ्या सभागृहाचीही तयारी केली. कुणीच बोललं नाही तर तीन आकडे मनात मोजायचे आणि 'मलापण दोनच येत होती' असं म्हणून नावं सांगायची. ते खरंच होतं, त्यामुळे तिला ते पाठ करावं लागलं नाही.

जोडीच्या संवादांचंही तेच केलं. दोघांची कार्डं वेगळी केली आणि एकमेकांना दाखवायला मनाई केली. त्यानं तिला विचारलेलं तिला आधी माहीत नसायचं. तीन ठिकाणीच हे ठेवलं, बाकी आळीपाळीनं एकेकटे. जास्त ठेवलं असतं तर दोघं गप्पा मारत बसले असते. तालमीत एकदा बसलेच होते.

संमेलनाच्या रात्री मी विंगेत होतो. तिनं बतुकम्मा चालू असताना कार्डावर काहीतरी खरडलं आणि माईकपाशी गेली. ती जे बोलली ते मी रेकॉर्ड केलं आहे, तसंच उतरवतो.

"मामा झाडतायत तोवर सांगते. आज मनोरा एका बाजूला झुकला होता, बघितला ना? सातवीच्या मुलींनी स्वतः रचलाय तो, दुपारी बसून. आमच्या घरी आजी रचते. आम्हाला शिवू पण देत नाही. म्हणते, तुम्ही लावाल तर पडंल." हशा. इथं ती थांबली. मामांचं अर्धंच झालं होतं. "तुम्ही चार पुतळ्यावरनं आला असाल. त्या चौघांची नावं कुणाला येतात?" मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं, मल्लप्पा धनशेट्टी. पाठोपाठ दुसरीकडून कुर्बान हुसेन. मग एका लहान मुलाचा आवाज आला, जगन्नाथ शिंदे. चौथं येईना. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिनं कार्डाकडे बघितलं, उघडपणे, लपवून नाही. "श्रीकृष्ण सारडा. चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. गड्ड्याच्या जत्रेच्या गडबडीत ती तारीख निघून जाते." तोवर खुर्च्या लागल्या होत्या. "आठवी ब. नाटिका. मार्शल लॉ."

टाळ्या झाल्या नाहीत आणि मागितल्याही नाहीत. घड्याळात एक मिनिट पस्तीस सेकंद झाले होते, त्यातलं तिचं बोलणं निम्म्याहून कमी. बाकीचा वेळ लोकांनी नावं आठवण्यात घालवला. कागदाकडे बघून वाचलेलं चौथं नावही वाचल्यासारखं वाटलं नाही, कारण ते हवं होतं म्हणून तिनं बघितलं हे सगळ्यांना दिसत होतं.

सगळंच असं साधलं नाही. लेझीमनंतर एका नाचाचं गाणं पेनड्राइव्हवरून वाजेना. अशा वेळेसाठी सुतळीच्या शेवटी दोन राखीव कार्डं ठेवली होती. मुलानं त्यातलं एक काढलं, या शाळेतून शिकून गेलेल्या पालकांना हात वर करायला सांगितलं आणि त्यांचे वर्गशिक्षक कोण होते ते विचारत सुटला. गाणं सुरू झालं तरी तो थांबेना, कारण राखीव कार्डावर तळाची ओळ लिहायला मी विसरलो होतो. नाचणाऱ्या पोरी अंधारात पोझ घेऊन उभ्या आणि हा अजून हस्ताक्षर कुणाचं चांगलं होतं हेच विचारतोय.

खरी चूक मात्र पारितोषिकांच्या वेळी झाली, आणि ती माझी. बोलकं करायच्या नादात मी पारितोषिकांच्या कार्डांवरही नुसते मुद्दे लिहिले होते. ट्रॉफी दिलेल्या एका देणगीदार गृहस्थांचं नाव मी 'ट्रॉफी – आभार' एवढ्यात गुंडाळलं होतं, तिला तोंडी सांगितलं होतं. ऐनवेळी ते तिला आठवलं नाही. पहिल्या रांगेत ते सपत्नीक बसलेले. ती हुशारीनं 'आमचे ट्रॉफी देणारे काका' म्हणाली. काका हसले, काकू हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन आलो. चहा मिळाला, पण काकू आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत.

दीपप्रज्वलन, मान्यवरांची नावं आणि पदं, देणगीदार, पारितोषिकं हा भाग पुढच्या वर्षीपासून मी जुन्या पद्धतीनंच पूर्ण लिहिणार आणि वाचून दाखवायला सांगणार. तिथं वाचणं कुणाला खटकत नाही. मान्यवरांचं नाव कागदावरून वाचलं तर ते नीट घेतलं जातंय असंच लोकांना वाटतं. आडनावाखाली उच्चाराप्रमाणे तोडून लिहायचं, हेही आता ठरवलंय. आमच्याकडे तेलुगू आणि कन्नड आडनावं खूप आहेत आणि जोडाक्षरांवर मुलं ठेचकाळतात.

गेल्या आठवड्यात मोठ्या बाईंनी निवेदनाची फाईल मागितली. यंदाची प्रत कार्यालयात ठेवायची असते. मी सुतळीत ओवलेली कार्डं नेऊन दिली. पुढच्या वर्षी वापरता यावीत म्हणून वरच्या ओळींतली पेन्सिल खोडरबरनं पुसून ठेवली होती. त्यांनी एकेक कार्ड उलटून बघितलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "सर, सगळ्या कार्डांवर पहिली ओळ लिहायची राहिलीय की ओ."